शेवटच्या पाण्यातले एक टोपण

जुलै महिन्यात मुंबईतल्या घरांमध्ये दोन-दोन दिवस न वाळलेले कपडे स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत लटकत असतात, आणि याच दिवसांत कपड्यांवरच्या जंतूंची भीती दाखवणाऱ्या जाहिरातीही अधिक दिसू लागतात. मुलुंडला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींनी मला याच सुमारास एक प्रश्न विचारला. कोविडच्या काळात त्यांनी कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात जंतुनाशक द्रवाचे एक टोपण टाकायला सुरुवात केली आणि ती सवय आजतागायत सुटलेली नाही. त्यांच्या सासूबाईंना मात्र हा पैशांचा चुराडा वाटतो. "एक टोपण टाकायचे की नाही, एवढेच सांगा," असे त्या म्हणाल्या. मी अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले असल्यामुळे उत्तर एका शब्दात देता आले असते. पण ते 'नाही' का आहे, आणि कोणत्या प्रसंगी केवळ 'नाही' म्हणून भागत नाही, हे समजण्यासाठी ते टोपण बादलीत पडल्यावर नेमके काय होते, ते आधी पाहायला हवे.

बाटलीत काय असते

घरोघरी दिसणारा तपकिरी-पिवळ्या रंगाचा, पाण्यात पडताच दुधासारखा होणारा द्रव हा मुळात जखम धुण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या एका प्रचलित प्रकारात क्लोरोझायलेनॉल नावाचे रसायन 4.8 टक्के असते. हे रसायन फिनॉलच्या कुळातले आहे, म्हणजे दवाखान्यांच्या जुन्या ओळखीच्या वासाशी त्याचे दूरचे नाते आहे. ते पाण्यात नीट विरघळत नसल्यामुळे बाटलीत त्याच्या सोबतीला अल्कोहोल, साबण आणि सुवासिक तेल घातलेले असते. बाटलीतले हे मिश्रण पाण्यात पडले की तेलकट भाग अगदी बारीक थेंबांच्या रूपात वेगळा होतो आणि पाणी पांढुरके दिसते. पाणी पांढरे झाले म्हणजे औषध 'लागू पडले', असा अनेकांचा समज असतो, पण तो रंग केवळ तेलाच्या थेंबांचा असतो आणि जंतू मेल्याची ती खूण नव्हे.

दुसऱ्या प्रकारच्या बाटल्यांमध्ये क्लोरहेक्झिडीन आणि सेट्रीमाइड ही रसायने असतात, तर खास कपड्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवांमध्ये बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. या दुसऱ्या गटाचा एक गुण पुढे आपल्या कामाला येणार आहे: त्यांच्या रेणूंवर धन विद्युतभार असतो.

बादलीतला हिशेब

आता वहिनींच्या मोरीतला हिशेब करू. त्यांच्या बाटलीचे टोपण मी लहान मुलांच्या औषधाच्या मापाने मोजून पाहिले, तेव्हा ते 15 मिलिलिटर भरले. बादली 20 लिटरची असली तरी कपडे बुडवायचे असल्यामुळे तिच्यात पाणी घेतले जाते ते सुमारे 15 लिटर. म्हणजे एका भागाला हजार भाग पाणी झाले. जखम धुण्यासाठी हाच द्रव एका भागाला साधारण वीस भाग पाणी या प्रमाणात वापरायचा असतो. वहिनींच्या बादलीतले पाणी त्या प्रमाणापेक्षा पन्नासपट पातळ आहे. जखमेइतकी तीव्रता बादलीत हवी असेल, तर एका वेळी पाऊण लिटर द्रव ओतावा लागेल.

यात आणखी भर पडते. आधीच्या पाण्यातून हाताने पिळून काढलेले सुती कपडे कोरडे नसतात, ते स्वतःच्या वजनाइतके पाणी सहज धरून ठेवतात. तीन किलो कपड्यांबरोबर आणखी तीनेक लिटर पाणी बादलीत येते आणि द्रावण अधिकच पातळ होते. वरून कपडे घालायच्या धुलाई यंत्रात तर शेवटच्या पाण्याला 50 लिटरच्या आसपास पाणी भरले जाऊ शकते. तिथे त्याच टोपणाचे प्रमाण एकाला तीन हजारांच्याही पुढे जाते.

यावर साहजिक वाटणारा युक्तिवाद असा की पातळ असले म्हणून काय झाले, थोडा परिणाम तर होईलच. तीव्रता अर्धी असेल तर परिणाम अर्धा होईल, किंवा दुप्पट वेळ भिजवले की भरपाई होईल, असे आपल्याला वाटते. फिनॉलच्या कुळातल्या जंतुनाशकांचे मात्र तसे नसते. पावसात बंद पडलेली टॅक्सी सहा जण मिळून ढकलतात तेव्हा ती हलते. तीनच जण उरले आणि त्यांनी दुप्पट वेळ जोर लावला, तरी ती जागची हलेलच असे नाही, कारण हलण्यासाठी एका क्षणी काही किमान जोर एकत्र लागावा लागतो. फिनॉलबाबत हे नाते मोजलेले आहे. तीव्रता निम्मी केली, तर तेच काम होण्यासाठी लागणारा वेळ दुप्पट होत नाही, तो साधारण चौसष्टपट होतो. एक मिनिटाचे काम तासाभराहून अधिक लांबते. हे केवळ निम्म्या तीव्रतेचे झाले. पन्नासपट पातळ केल्यावर किती वेळ लागेल याचा हिशेब मांडण्यात अर्थच उरत नाही. काही नाजूक जंतूंची वाढ तेवढ्या औषधानेही मंदावू शकेल, पण जंतू मारले गेले असे त्यावरून म्हणता येत नाही.

आणि वेळेचे म्हणाल, तर तो कुठे आहे? बादलीत कपडे दोन-तीनदा वरखाली करून लगेच पिळले जातात. यंत्रातील शेवटचे खळबळणेही काही मिनिटांतच उरकते.

साबण आणि जंतुनाशक यांचे न जमणे

मघाशी उल्लेख केलेल्या धन विद्युतभाराचा मुद्दा इथे येतो. कपडे धुण्याच्या पावडरीतील मुख्य मळ काढणाऱ्या घटकावर ऋण भार असतो. धन आणि ऋण भाराचे रेणू पाण्यात भेटले की ते एकमेकांना चिकटतात आणि दोघेही निकामी होतात. कपड्यांमध्ये साबण शिल्लक असताना शेवटच्या पाण्यात सेट्रीमाइड, क्लोरहेक्झिडीन किंवा बेन्झाल्कोनियम असलेला द्रव टाकला, तर त्यातला काही भाग जंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच साबणाशी झुंजण्यात संपतो. शिवाय सुती धागा स्वतःही असे रेणू ओढून घेतो.

मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येते. ते वाचवण्यासाठी अनेक घरांत कपडे एकाच पाण्यातून काढले जातात, आणि तिथे साबण शिल्लक राहण्याची शक्यता मोठी असते. तपासण्याची पद्धत सोपी आहे. धुतलेला एखादा टॉवेल स्वच्छ पाण्याच्या तांब्याभर पाण्यात घट्ट पिळावा आणि ते पाणी झाकण लावलेल्या बरणीत जोरात हलवावे. वर टिकून राहणारा फेस आला, तर कपड्यात साबण आहे. असा साबण राहिलेला कपडा कडक आणि चिकट लागतो, लवकर मळतो आणि काहींच्या अंगाला खाजही आणतो. अशा घरात शेवटच्या पाण्यात एका टोपणाची भर घालण्यापेक्षा साध्या पाण्याचा आणखी एक हात फिरवणे अधिक उपयोगाचे ठरते.

मग जंतू जातात तरी कसे?

जंतू मारणे आणि जंतू काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रोजच्या धुण्यात आपण मुख्यतः दुसरी गोष्ट करत असतो. कपड्यावरचे बहुतेक जंतू त्वचेच्या सुटलेल्या पेशी, घाम आणि तेलकटपणा यांच्या थरात रुतलेले असतात. पावडरीने हा थर सुटतो, चोळण्याने तो पाण्यात येतो आणि पाणी ओतून दिले की जंतूही त्याबरोबर मोरीत जातात. भांडे घासताना आपण खरकट्यावर औषध शिंपडत नाही, खरकटेच काढून टाकतो, तसेच हे आहे. इन्फ्लुएन्झा किंवा कोविडच्या विषाणूभोवती तर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, ते साबणानेच फाटते. ज्या आजाराच्या धास्तीने वहिनींनी टोपण सुरू केले, त्याच्या विषाणूला शेवटच्या पाण्यापर्यंत तग धरणेच अवघड होते.

धुण्यानंतरही थोडे जंतू उरतात, हे खरे आहे. नळाच्या साध्या पाण्यात धुतलेला कपडा निर्जंतुक नसतोच, आणि तो तसा असण्याची गरजही नसते. आपल्या त्वचेवर मुळातच असंख्य जीवाणू राहतात. निर्जंतुक केलेला बनियन अंगात घातल्यावर काही मिनिटांतच त्यांची वस्ती तिथे पुन्हा होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर अंथरायच्या कापडाला जो नियम लावतात, तो कचेरीत घालायच्या शर्टाला लावण्यात अर्थ नाही.

"पण लेबलवर 99.9 टक्के लिहिले आहे"

ते खोटे असतेच असे नाही, मात्र त्या आकड्याच्या मागेपुढे अटी असतात. लेबलच्या मागे बारीक अक्षरांत कोणते जंतू, किती पाण्यात किती द्रव आणि किती मिनिटे, हे लिहिलेले असते. कपड्यांसाठीच्या काही द्रवांना पंधरा मिनिटांच्या आसपास भिजवणे आवश्यक असते. दाखवलेले प्रमाण आणि वेळ पाळला तर हे द्रव आपले काम करतात. वरवर एक टोपण टाकून दोन मिनिटांत कपडे पिळणारी व्यक्ती तो आकडा विकत घेते, पण वापरत नाही.

दुसरे असे की 99.9 टक्के म्हणजे हजारात एक उरतो. कापडाच्या तुकड्यावर दहा लाख जंतू असतील तर एक हजार उरतात. कपडा ओला राहिला, तर त्यातले काही पुन्हा वाढू लागतात. तेव्हा कपडा किती लवकर वाळतो, हा प्रश्न किती जंतू मेले या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा ठरतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात खरी अडचण तीच असते.

कुबट वास कुठून येतो?

पावसाळ्यातल्या टॉवेलचा ओल्या फडक्यासारखा कुबट वास हा टोपण टाकण्यामागचा सर्वांत मोठा हेतू असतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. जपानी संशोधकांनी 2012 साली घरात वाळवलेल्या कपड्यांच्या अशाच वासाचा माग काढला, तेव्हा त्यांना मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जीवाणू सापडला. तो कपड्यातल्या उरलेल्या घामावर आणि तेलकटपणावर जगतो, आणि त्यातून अत्यल्प प्रमाणातही जाणवणारे एक दुर्गंधी आम्ल तयार करतो. हा जीवाणू कोरडेपणा बराच सहन करतो. त्यामुळे वाळलेला टॉवेल आधी बरा वाटतो आणि अंग पुसताना ओला झाला की पुन्हा वास मारू लागतो.

म्हणजे वासासाठी तीन गोष्टी लागतात: जीवाणू, त्याचे खाद्य आणि ओल. टोपण यांपैकी फार तर पहिलीवर थोडा परिणाम करते. मळ नीट निघाला, तर खाद्य संपते. कपडा लवकर वाळला, तर ओल संपते. जंतुनाशकाच्या बाटलीतल्या तेलाला स्वतःचा तीव्र वास असल्यामुळे एक-दोन दिवस कुबट वास झाकला जातो आणि आपल्याला वाटते, की उपाय झाला.

वहिनींनी माझ्या सांगण्यावरून एक साधी परीक्षा घेतली. एकाच वेळी धुतलेले चार टॉवेल त्यांनी दोन जोड्यांत विभागले. एका जोडीला शेवटच्या पाण्यात टोपण दिले, दुसरीला साधे पाणी. मग प्रत्येक जोडीतला एक टॉवेल खोलीत पंख्याखाली एकटा, मोकळा पसरला आणि दुसरा बाल्कनीत इतर कपड्यांच्या गर्दीत घडी घालून टाकला. पंख्याखालचे दोन्ही टॉवेल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळले आणि दोघांनाही वास नव्हता. बाल्कनीतले दोन्ही तिसऱ्या दिवशीही दमट होते. एकाला कुबट वास येत होता आणि दुसऱ्याला कुबट वासात मिसळलेला औषधाचा. चार टॉवेलांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितले. सासूबाईंना मात्र तेवढे पुरावे पुरले.

पंख्याखाली वाळवताना दोन कपड्यांमध्ये तळहाताएवढे अंतर ठेवावे आणि जाड कपडा दोरीवर दुहेरी न टाकता क्लिप लावून एकेरी लटकवावा. यंत्र असेल, तर कपड्यांना मानवेल तेवढा पिळण्याचा वेग वाढवावा, कारण यंत्राने काढलेले पाणी हवेला काढावे लागत नाही. वास मुरलेल्या पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या टॉवेलांना सोडियम परकार्बोनेट घातलेल्या कोमट पाण्यात तासभर भिजवले, तर वासाचे मूळ बऱ्याच अंशी निघते. ऑक्सिजन सोडणारी ही पावडर आता बाजारात सुटीही मिळते. समोरून कपडे घालायच्या यंत्राच्या दाराभोवतीचे रबर बोटाने उलगडून पाहावे. तिथे काळसर बुळबुळीत थर असेल, तर वासाचा कारखाना घरातच आहे. रबर पुसून यंत्र सर्वाधिक गरम पाण्यावर रिकामे फिरवावे आणि एरवी दार उघडे ठेवावे.

अंगावर काय राहते?

शेवटचे पाणी या शब्दातच एक अडचण दडलेली आहे. त्यानंतर कपडा पुन्हा धुतला जात नाही. त्यात टाकलेले रसायन थोडेफार धाग्यात राहते आणि घामाने ओल्या झालेल्या त्वचेवर घासले जाते. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण क्लोरोझायलेनॉल आणि बेन्झाल्कोनियम या दोन्हींमुळे काहींना त्वचेची अ‍ॅलर्जी होते. बाळाची दुपटी आणि लंगोट, म्हणजे ज्यांच्यासाठी आईवडील हटकून टोपण टाकतात ते कपडे, नेमके सर्वांत नाजूक त्वचेला दिवसभर चिकटून असतात. आमच्या आज्या दुपटी उकळत असत. त्यात कोणतेही रसायन मागे राहत नव्हते आणि जंतूंचा बंदोबस्तही अधिक पक्का होत होता. घरात मांजर असेल, तर आणखी जपावे, कारण मांजरांच्या शरीराला फिनॉलच्या कुळातली रसायने नीट निकालात काढता येत नाहीत.

"सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात, त्याचे काय?"

निरोगी माणसांच्या घरात हे चालते. फक्त अंतर्वस्त्रे, टॉवेल आणि भांडी पुसण्याची फडकी एकाच खेपेत टाकू नयेत. अंतर्वस्त्रांवर आतड्यातले जीवाणू असतात, आणि ते भांड्यांच्या फडक्यावर गेलेले कोणालाही आवडणार नाही. टोपण टाकून ती खेप एकत्र करण्यापेक्षा दोन खेपा वेगळ्या करणे सोपे आणि खात्रीचे आहे.

जेव्हा खरोखर जंतू मारायचे असतात

आता ज्या प्रसंगांत नुसत्या धुण्याने भागत नाही, त्यांच्याकडे वळू. घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील, त्वचेवर पू येणारे फोड असतील, नायटा असेल किंवा कर्करोगाच्या उपचारांमुळे कोणाची प्रतिकारशक्ती घटली असेल, तर कपड्यांवरचे जंतू मारणे योग्यच आहे. गंमत अशी, की यांतल्या अनेक प्रसंगी टोपण सर्वांत कमी भरवशाचे ठरते. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंना स्निग्ध आवरणच नसते आणि क्लोरोझायलेनॉलला ते फारशी दाद देत नाहीत. इथे उष्णता किंवा क्लोरीन हवे.

नायट्याचेच उदाहरण सविस्तर घेऊ, कारण गेल्या काही वर्षांत भारतात तो चिवट झाला आहे आणि मुंबईच्या घामट हवेत, लोकलच्या गर्दीत तासन्‌तास घट्ट कपड्यांत वावरणाऱ्यांना तो वरचेवर होतो. समजा, चौघांच्या घरात कॉलेजला जाणाऱ्या मुलाला जांघेत नायटा झाला आहे. डॉक्टरांचे मलम लावून तो बरा होतो आणि महिन्याभरात पुन्हा उद्भवतो. बुरशीचे बीजाणू त्याच्या अंतर्वस्त्रांत, पँटच्या शिवणीत आणि टॉवेलमध्ये राहिलेले असू शकतात. नळाच्या पाण्याचे तापमान मुंबईत 30 अंशांच्या आत-बाहेर असते, आणि तेवढ्या पाण्यात धुतल्याने ही बुरशी मरत नाही. 60 अंशांवर मात्र तिचा निकाल लागतो.

या मुलाच्या कपड्यांसाठी पहिली गोष्ट म्हणजे वेगळी टोपली. न धुतलेले कपडे एकत्र पडून राहिले, तर बुरशी एका कापडावरून दुसऱ्यावर जाते, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे आईच्या ओढणीवर त्याचा टॉवेल पडता कामा नये. यंत्रात गरम पाण्याची सोय असेल, तर सुती कपड्यांसाठीचा 60 अंशांचा कार्यक्रम लावावा. नसेल, तर स्टीलच्या बादलीत कोरडे सुती कपडे ठेवून त्यांवर दोन भाग उकळते आणि एक भाग नळाचे पाणी ओतावे. अशा मिश्रणाचे तापमान 75 अंशांच्या आसपास येते. बादली आणि कपडे त्यातली थोडी उष्णता घेतात, तरी सुरुवातीला ते 60 अंशांच्या वरच राहते. पावडर घालून, झाकण ठेवून अर्धा तास राहू द्यावे आणि मग नेहमीप्रमाणे धुवावे. उकळते पाणी मोठ्या माणसानेच ओतावे आणि मोरीच्या आसपास लहान मूल फिरकू देऊ नये.

या पाण्यात रबराचे पट्टे सैल होतात आणि कच्चे रंग सुटतात. म्हणून उपचार चालू असेपर्यंत साध्या सुती अंतर्वस्त्रांचे वेगळे जोड ठेवणे बरे पडते. जीन्ससारखे कपडे वाळल्यावर उलटे करून शिवणींवरून गरम इस्त्री सावकाश फिरवावी. सुती कापडाला लावतात ती इस्त्री 60 अंशांहून पुष्कळच अधिक तापलेली असते, फक्त ती शिवणीवरून घाईने सरकता कामा नये. हे सगळे मलम संपेपर्यंत आणि डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत चालू ठेवावे. अर्ध्यावर सोडलेले मलम आणि स्टेरॉइड मिसळलेली, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली ट्यूब हे नायटा चिघळण्याचे कपड्यांहून मोठे कारण असते, हे त्या मुलाच्या आईला सांगायलाच हवे.

खरजेबाबत मात्र गल्लत करू नये. ती बुरशीने किंवा जीवाणूंनी होत नाही, बारीक किड्यांनी होते. न धुता येणारे कपडे आणि पांघरूण पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवले तरी किडे मरतात, कारण माणसाच्या अंगाबाहेर ते फार काळ जगत नाहीत. तिथे जंतुनाशकाचे टोपण अगदीच अप्रस्तुत आहे.

उलटी किंवा जुलाबाने खराब झालेली चादर

हा प्रसंग बहुधा रात्री येतो आणि गरम पाण्याची सोय नसते. हातमोजे घालून आधी घाण कागदाने किंवा जुन्या फडक्याने उचलून संडासात टाकावी आणि चादर झटकू नये, कारण झटकल्याने जंतू हवेत उडतात. पावडरीने धुऊन झाल्यावर पांढऱ्या सुती चादरीसाठी घरगुती क्लोरीन ब्लीच वापरता येते. लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्के लिहिले असेल, तर 10 लिटर पाण्यात 100 मिलिलिटर पुरते. त्याने 0.05 टक्के क्लोरीनचे द्रावण होते आणि चादर त्यात अर्धा तास बुडवून ठेवायची असते. नंतर दोनदा साध्या पाण्यातून काढून उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवावी. रंगीत, रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना हे चालत नाही. क्लोरीनमध्ये संडास धुण्याचे आम्ल मिसळले तर विषारी वायू निघतो, तेव्हा ते कधीही एकत्र करू नये. 'दुप्पट खात्री' म्हणून जंतुनाशकाचे टोपणही त्याच बादलीत ओतू नये. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर क्लोरीन उडून गेलेले असते, आणि मग मापाने ओतूनही काम होत नाही. अशा बाटलीला झाकण उघडल्यावर नेहमीचा झणझणीत वास येत नाही.

वहिनींच्या घरी आता तपकिरी बाटली मोरीतून औषधांच्या कपाटात गेली आहे. धाकट्याचा गुडघा खरचटला, की एका चमच्याला वीस चमचे पाणी असे मोजून ती वापरली जाते, आणि टॉवेल बेडरूमच्या पंख्याखाली एकेरी लटकतात.